अंधार पडला की लागणारा दिवा: एलएम ३९३ चं आउटपुट वर जातच नाही

खळ्यातला_दिवा

नमस्कार मंडळी. कणकवलीजवळ आमचं जुनं घर आहे. आई रात्री पडवीतून खळ्यात उतरते तेव्हा पायरी दिसावी म्हणून अंधार पडला की आपोआप लागणारा दिवा करतोय. तीन रविवार गेले, अजून जमलेलं नाही.

जोडणी अशी. १२ व्होल्टचा ॲडाप्टर. वरून २२ के रेझिस्टर, त्याच्याखाली एलडीआर आणि एलडीआरचं दुसरं टोक ग्राउंडला. या दोघांचा सांधा एलएम ३९३ च्या ३ नंबर पिनला. २ नंबरला प्रिसेट, तो फिरवून बरोबर ६ व्होल्टवर ठेवलाय. १ नंबर पिनवरून १ के घेऊन बीसी ५४७ चा बेस. कलेक्टरला १२ व्होल्टचा रिले, कॉइल ४०० ओहमची, तिच्यावर १एन४००७ उलटा लावलेला आहे.

उजेडात ३ नंबर पिनवर २ व्होल्ट येतात. एलडीआर मुठीत धरला की पावणेअकरापर्यंत चढतात. म्हणजे हा भाग चोख आहे. पण १ नंबर पिन उजेडातही शून्य आणि अंधारातही शून्य. आयसी तीन बदलले, तिन्ही वेगवेगळ्या दुकानांतले.

अजून एक गोष्ट केली. १ नंबर पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये एक एलईडी रेझिस्टरसकट लावला, तो कधीच लागला नाही. तोच एलईडी १२ व्होल्ट आणि १ नंबर पिन यांच्यामध्ये लावला तर लागतो, पण उजेड असताना! अंधार केला की विझतो. इथे माझं डोकं चालेनासं झालं.

रोहित्र

आयसी नकली असतील. हल्ली वरचा छाप खरडून दुसरा मारलेले खूप फिरतात. माझा सल्ला, एलएम ३५८ घ्या. पिन अगदी त्याच आहेत, त्याच सॉकेटमध्ये बसतो. मी गॅलरीच्या दिव्याला तोच वापरलाय आणि एका फटक्यात चालला.

नाहीतर ट्रान्झिस्टरच काढून टाका. रिले सरळ १२ व्होल्ट आणि १ नंबर पिन यांच्यात लावा, तुमचा एलईडी लागला तसा रिलेही लागेल. फक्त २ आणि ३ नंबरच्या तारांची अदलाबदल करा.

निळी_शाई

थांबा, आयसी फेकू नका. तिन्ही चांगले आहेत आणि ते तुमच्याच एलईडीने सिद्ध केलंय.

एलएम ३९३ च्या १ नंबर पिनच्या आत एक ट्रान्झिस्टर आहे. त्याचा एमिटर ग्राउंडला आणि कलेक्टर मोकळा, तोच बाहेर पिनवर आणलेला. म्हणून त्याला ओपन कलेक्टर म्हणतात. ३ नंबर पिन २ नंबरपेक्षा खाली असली की हा ट्रान्झिस्टर चालू होतो आणि १ नंबरला ग्राउंडकडे ओढतो. ३ नंबर वर गेली की तो बंद होतो. बंद होतो एवढंच, तो १२ व्होल्ट देत नाही. पिनच्या आत वरच्या बाजूला काहीच नाही. खाली ओढणारा आहे, वर उचलणारा कोणी नाही.

आता तुमचे दोन्ही प्रयोग पुन्हा बघा. एलईडी ग्राउंडकडे लावला तेव्हा त्याला वीज देणारं कोणी नव्हतं, म्हणून तो कधीच लागला नाही. १२ व्होल्टकडून लावला तेव्हा वीज वरून आली आणि आयसीने ती खाली ओढून घेतली. हे उजेडात घडलं कारण तुमच्या जोडणीत उजेडातच आतला ट्रान्झिस्टर चालू असतो. म्हणजे कंपॅरेटर आपलं काम बिनचूक करतोय.

तुमचा बीसी ५४७ अंधारात उपाशी राहतो, कारण त्याच्या बेसला वीज यायला वाटच नाही. १२ व्होल्टवरून १ नंबर पिनला एक रेझिस्टर लावा. हाच पुल-अप. अंधारात आयसी हात सोडेल, वीज या रेझिस्टरमधून बेसला जाईल. उजेडात आयसी तीच वीज ग्राउंडला नेईल, बेसला काही उरणार नाही.

रोहित्र, रिले सरळ पिनवर लावण्याचा तुमचा सल्ला मात्र मागे घ्या. दिशा बरोबर आहे, ताकद नाही. ४०० ओहमच्या कॉइलला १२ व्होल्टवर ३० मिलिॲम्प लागतात. डेटाशीट या पिनला हमखास ६ मिलिॲम्प ओढायची खात्री देते, सहसा १६ पर्यंत ओढते. ३० तिच्या आवाक्यात नाही. रिले धड ओढणार नाही आणि आयसी तापत राहील.

खळ्यातला_दिवा

ताई, आत्ता उमगलं. मी तीन रविवार आयसीला दोष देत बसलो. रात्रीच करून बघतो. पुल-अप किती केचा लावू? घरात १०० के भरपूर आहेत.

पाणीपुरवठा

मलाही हाच प्रॉब्लेम आहे. माझ्याकडे ईएसपी३२ आहे आणि एलडीआरचं तयार निळं मॉड्यूल आहे, त्यावर एलएम ३९३ च आहे. त्याला ५ व्होल्ट दिले, आउटपुट ईएसपीच्या पिनला दिलं. बाहेरून पुल-अप किती लावू? टाकीच्या मोटरसाठी आहे.

निळी_शाई

पाणीपुरवठा, तुमचा प्रॉब्लेम हा नव्हे. त्या मॉड्यूलवर पुल-अप आधीच बसवलेला असतो, बहुधा १० केचा, आणि तो मॉड्यूलच्या पुरवठ्याला जोडलेला असतो. तुम्ही ५ व्होल्ट दिलेत म्हणजे आउटपुट वर जाताना ५ व्होल्टला जातं आणि ईएसपी३२ ची पिन ३.३ व्होल्टसाठी आहे. आज चालेल, पण पिनेला ते सोसवणारं नाही. मॉड्यूलच ३.३ व्होल्टवर चालवा, हा आयसी २ व्होल्टपासून चालतो.

सुटा आयसी वापरत असता तर ओपन कलेक्टरचा खरा उपयोग तुम्हाला झाला असता. आयसीला १२ व्होल्ट द्यायचे आणि पुल-अप मात्र ३.३ व्होल्टला बांधायचा. आउटपुट ३.३ च्या वर जाऊच शकत नाही, कारण वर नेणारा तो रेझिस्टरच आहे. वरची पातळी आपण ठरवायची, हेच या रचनेचं मोल आहे.

बाकी मोटरचं वेगळ्या धाग्यात विचारा, इथे सरमिसळ होईल.

खळ्यातला_दिवा

१०० के लावला. हललं काहीतरी! एलडीआर झाकला की रिलेमधून बारीकसा आवाज येतो. कधी पाती ओढली जाते, कधी नाही. बोटाने रिलेवर टिचकी मारली की ओढते. कॉइलच्या दोन टोकांवर मोजले तर ८.८ व्होल्ट. बाकीचे कुठे गेले? ट्रान्झिस्टर हाताला कोमट लागतो.

निळी_शाई

८.८ हा आकडा दिलात ते फार बरं केलं, त्यात सगळं आहे.

८.८ भागिले ४०० म्हणजे कॉइलमधून २२ मिलिॲम्प जाताहेत. बेसला किती मिळतात? १२ मधून बेसचे ०.७ वजा, भागिले १०१ के, म्हणजे ०.११ मिलिॲम्प. तुमचा ट्रान्झिस्टर जेमतेम दोनशेपट करतोय आणि तिथेच त्याचं बळ संपलंय. तो पूर्ण उघडलेला नाही, अर्धवट दारात उभा आहे. उरलेले ३.२ व्होल्ट त्याच्या अंगावर पडताहेत, म्हणून कोमट. आणि १२ व्होल्टच्या रिलेला पाती ओढायला साधारण ९ व्होल्ट लागतात. तुम्ही उंबरठ्याच्या किंचित अलीकडे आहात, म्हणून टिचकीने चालतो.

दोनशेपट मिळाली हे या नगाचं नशीब. याच नंबरचा दुसरा नग एकशेदहा देईल, तिसरा चारशे. त्या भरवशावर मंडल बांधायचं नाही. स्विच म्हणून वापरताना मी वीसपट धरते. ३० मिलिॲम्पला वीसपट धरलं तर बेसला दीड मिलिॲम्प हवा. त्यासाठी पुल-अप आणि बेसचा रेझिस्टर मिळून साडेसात केच्या आसपास असावेत.

खालची मर्यादाही लक्षात घ्या. पुल-अप फार लहान केला तर उजेडात आयसीला दिवसभर तेवढी वीज ओढत बसावं लागतं. १ के लावलात तर १२ मिलिॲम्प, म्हणजे हमीच्या दुप्पट. ४.७ के लावा. अडीच मिलिॲम्प होतील, आयसी ते सहज ओढेल आणि पिन पाव व्होल्टच्याही खाली ठेवेल.

रोहित्र

मी नेहमी १० के लावतो, सगळीकडे तोच दिसतो. १० केवर रिले चालतोच.

निळी_शाई

चालतो. १ मिलिॲम्प मिळतो, तीसपट झाली, बहुतेक नग तेवढं देतात. मी चूक म्हणत नाही. पण १० के ही सवय झाली आहे, हिशोब नव्हे. लॉजिकच्या पिनला १० के पुरतो कारण ती पिन वीज खातच नाही. बेस खातो.

खळ्यातला_दिवा

४.७ के लावला आणि खटकन ओढला! कॉइलवर ११.९. आईला बोलावून दाखवलं, तिने चार वेळा एलडीआर झाकून बघितला.

एक शंका. अंधारात १ नंबर पिनवर फक्त २.७ व्होल्ट दिसतात. पुल-अप १२ ला आहे तर १२ का नाहीत?

रोहित्र

तो १ के काढून टाका, बेस सरळ पिनला जोडा. वीज मर्यादित करायचं काम पुल-अप करतोच आहे, दुसरा रेझिस्टर कशाला? एक सांधा कमी.

निळी_शाई

२.७ बरोबर आहेत. पुल-अपमधून सुमारे २ मिलिॲम्प उतरताहेत. बेस स्वतः ०.७ च्या वर जात नाही आणि १ केवर २ व्होल्ट पडतात, झाले २.७. ट्रान्झिस्टर काढून मोजा, पिन सरळ १२ दाखवेल. पिनवरचे व्होल्ट कमी म्हणजे बिघाड असं नाही, वीज कुणीतरी घेतंय एवढाच त्याचा अर्थ.

रोहित्र म्हणतात तसं १ के काढला तरी रिले नीट चालेल, तिथे ते बरोबर आहेत. माझं मत विचाराल तर असू दे. कारण पुढे लागेल तेव्हा सांगेन.

आयसीचा दुसरा अर्धा भाग वापरत नसाल तर ५ आणि ६ नंबर ग्राउंडला बांधून टाका. आणि रिलेच्या संपर्कांवर २३० व्होल्ट येणार, तो भाग वेगळ्या बंद डब्यात, बोर्डाच्या मागच्या बाजूला उघडा सांधा नको.

गोठा_नंबर_२

मी हे मंडल मागच्या वर्षी गोठ्यात लावलं, पुल-अप वगैरे सगळं आहे. माझा दिवा रात्रभर लुकलुकतो. लागतो, विझतो, लागतो, विझतो. म्हशी बुजतात. पुल-अप बदलून बघू का?

खळ्यातला_दिवा

आठ दिवसांनी परत आलोय. व्हेरो बोर्डवर सोल्डर करून पडवीत बसवलं. जागा वाचवायला १ के काढला, आता १ नंबर पिन सरळ बेसला आहे. एलडीआर पडवीच्या बाहेर वाशाला, बोर्डापासून सहा मीटर साधी वायर.

दिवसा बंद, रात्री चालू, उत्तम. पण तिन्हीसांजेला पाच-सहा मिनिटं रिले टर्रर्र करतो, संपर्कांत ठिणग्या दिसतात, दिवा फडफडतो. मग शांत. पहाटे पुन्हा तेच. एका चित्रात १ नंबरवरून ३ नंबरला मोठा रेझिस्टर होता, म्हणून २२० के लावला. काडीचा फरक नाही.

रोहित्र

३ नंबर पिन आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका. वायरीतला गुणगुणाट बसेल.

निळी_शाई

आधी गोठा_नंबर_२ ना सांगते, कारण दोन्ही दुखणी दिसायला सारखी आणि मुळात वेगळी आहेत. खळ्यातला दिवा फक्त सांज-पहाटेच्या काही मिनिटांत फडफडतो. तुमचा रात्रभर, संथ तालात. म्हणजे तुमचा एलडीआर स्वतःचाच दिवा बघतोय. दिवा लागला की त्याला वाटतं दिवस उजाडला. विझला की रात्र. आज रात्री एलडीआरवर काळ्या पाइपाचा वीतभर तुकडा चढवून तोंड दिव्यापासून वळवा. लुकलुक थांबली तर निदान पक्कं. पुल-अपला हात लावू नका.

आता खळ्यातला दिवा. संध्याकाळी उजेड इतका सावकाश उतरतो की ३ नंबर पिन ६ व्होल्टच्या आसपास कितीतरी वेळ रेंगाळते. तेवढ्यात सहा मीटर वायरने पकडलेला घरच्या विजेचा काही मिलिव्होल्टांचा गुणगुणाट तिला वर-खाली हलवतो. कंपॅरेटर प्रत्येक हेलकाव्याला इमानाने निकाल देतो. रिले टर्रर्र करतो तो यामुळे.

औषध तुम्ही बरोबर निवडलंत. १ वरून ३ ला दिलेला रेझिस्टर निकाल लागला की पिनेला त्याच बाजूला थोडं ढकलतो, म्हणजे परत फिरायला जास्त उजेड लागतो. पण ढकलायला आउटपुटमध्ये झोका हवा. उजेडात तुमची १ नंबर पिन ०.२ वर असते. अंधारात? मोजा आणि सांगा.

खळ्यातला_दिवा

०.६९.

निळी_शाई

तिथेच सगळं आहे. ०.२ वरून ०.७, म्हणजे जेमतेम अर्ध्या व्होल्टचा झोका. बेसने पिन धरून ठेवलीय. ६ व्होल्टच्या जवळ एलडीआरही साधारण २२ के असतो, म्हणून ३ नंबर पिनेला दिसणारा रोध ११ के. २२० केमधून येणारा अर्धा व्होल्ट तिथे पोचेपर्यंत २५ मिलिव्होल्ट उरतो. एलडीआरच्या भाषेत सांगायचं तर चालू आणि बंद होण्याच्या जागा जेमतेम दोनशे ओहमने लांब, तेही चोवीस हजारांत. गुणगुणाट त्यापेक्षा मोठा आहे.

या रेझिस्टरचं गणित बहुतेक चित्रांत असं मांडतात की आउटपुट शून्यापासून पूर्ण पुरवठ्यापर्यंत जातं. ओपन कलेक्टरला ते गृहीत धरता येत नाही. वरची पातळी पुल-अप आणि पुढचा भार मिळून ठरवतात. तुमचा भार म्हणजे उघडा बेस, आणि तो ०.७ च्या वर जाऊ देत नाही. १ के असू दे म्हटलं होतं ते यासाठी. तेव्हाच सविस्तर सांगायला हवं होतं.

आता असं करा. पुल-अप ३.३ के, बेसला ४.७ के. दोन्ही मिळून ८ के, बेसला १.४ मिलिॲम्प, म्हणजे रिलेसाठी एकवीसपट, पुरेसं. पिन अंधारात ७.३ व्होल्टपर्यंत उठेल. उजेडात आयसीला साडेतीन मिलिॲम्प ओढावे लागतील, तेही ठीक. झोका अर्ध्या व्होल्टवरून सात व्होल्टवर गेला. २२० के ठेवलात तर एलडीआर साडेचोवीस केला दिवा लागेल आणि साडेएकवीसला विझेल. मी १०० के लावेन. लागणं २८ केला, विझणं २१ ला. उजेडाच्या हिशोबात विझायला साधारण दीडपट उजेड लागेल.

```
+12V --[22k]--+--[LDR]-- GND
              +-- pin 3
pin 1 --[3.3k]-- +12V
pin 1 --[4.7k]-- BC547 base
pin 1 --[100k]-- pin 3
```

रोहित्र, कपॅसिटरने गुणगुणाट कमी होईल हे खरं. पण ३ नंबर पिनेवर १० मायक्रो बसवला की तो १ नंबरवरून येणारा ढकलाही सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा पोचवतो. मी तो शेवटी, गरज पडली तरच टाकते.

रोहित्र

माझ्या गॅलरीत तीन वर्षं १० मायक्रो आहे, एकदाही टर्रर्र नाही.

आणि एक सांगतो. कालच एलएम ३५८ बसवून मोजलं. पुल-अप नसताना १ नंबर पिन १०.५ व्होल्ट दाखवते. म्हणजे झोका आपोआप मिळाला, हा सगळा खटाटोप वाचला.

निळी_शाई

३५८ स्वतः वर ढकलतो, त्यामुळे सांजेच्या दिव्यासारख्या संथ कामाला तो चालतो हे मान्य. पण त्याच्यापुढे बेसला रेझिस्टर लागतोच, नाहीतर तो बेसमध्ये नको तेवढी वीज ओतेल. तुम्ही मघाशी १ के काढा म्हणालात, तो सल्ला ३५८ ला लावू नका.

मी ३९३ का सोडत नाही? त्याचे दोन अर्धे भाग एकाच पुल-अपवर बांधता येतात. दोघांपैकी कोणीही खाली ओढलं की पिन खाली. माझ्या सोलर दिव्यात एक अर्धा एलडीआर बघतो, दुसरा बॅटरी. बॅटरी ठरवलेल्या पातळीखाली गेली की दुसरा भाग पिन धरून ठेवतो, कितीही अंधार असला तरी दिवा लागत नाही. ३५८ ची दोन आउटपुटं अशी एकत्र बांधली तर एक वर ढकलेल, दुसरं खाली ओढेल आणि दोघं भांडत बसतील.

रोहित्र

सोलरचं पटलं. पण साध्या खळ्यातल्या दिव्याला ३५८ बरा हे माझं मत कायम आहे.

गोठा_नंबर_२

पाइपाचा तुकडा लावला. काल रात्री एकदाही लुकलुकला नाही. पण आता दिवा संध्याकाळी फार लवकर लागतो, उन्हं असतानाच.

निळी_शाई

पाइपामुळे एलडीआरला आभाळ कमी दिसतं, म्हणून त्याच्या लेखी अंधार लवकर होतो. तुमची जोडणी खळ्यातल्या दिव्यासारखीच असेल तर प्रिसेटने २ नंबर पिनचे व्होल्ट थोडे वाढवा. आणि पाइपाचं तोंड आभाळाकडे तिरकं करा, त्यात पावसाचं पाणी साचणार नाही अशा बेताने.

खळ्यातला_दिवा

ताई, सांगितलं तसं बदललं. ३.३ के, ४.७ के, १०० के. पिन अंधारात ७.३, उजेडात ०.२. आकडा जसाच्या तसा आला.

संध्याकाळची वाट न बघता तपासायचं होतं, म्हणून एलडीआरच्या जागी ४७ केचा पॉट लावून हळूहळू फिरवला. रिले लागला तेव्हा पॉट काढून मोजला, २७.४ के. उलट फिरवला, विझला तेव्हा २०.८. मधल्या पट्ट्यात पॉट कुठेही सोडला तरी रिले गप्प. मग बेस सरळ जोडून पुन्हा केलं, तर एका जागी पॉटवर नुसतं बोट टेकलं तरी टर्रर्र. फरक डोळ्यांनी बघितला.

गेल्या चार संध्याकाळी एकच खटका. कपॅसिटर टाकलेला नाही.

एक राहिलंय. परवा भर दुपारी आभाळ भरून आलं आणि साडेतीनला दिवा लागला. सर गेली, लख्ख झालं, पण तो पाच वाजेपर्यंत विझलाच नाही. ढगाळ होतंच, पण पायरी स्पष्ट दिसत होती.

निळी_शाई

हे रुंद पट्ट्याचं मोल आहे. विझायला दीडपट उजेड हवा आणि ढगाळ दुपारी तो आलाच नाही. १०० केऐवजी १५० के करून बघा. पट्टा अरुंद होईल, पण सहा मीटर वायरीचा गुणगुणाट पुन्हा वर येतो का ते संध्याकाळी कान देऊन ऐकावं लागेल. ती वायर पिळाची किंवा जाळीची केलीत तर कदाचित २२० पर्यंतही जाता येईल. नेमकं कुठे थांबायचं ते तुमच्या खळ्यातला उजेडच ठरवेल, मला इथे बसून सांगता येत नाही.

पाणीपुरवठा

मॉड्यूल ३.३ व्होल्टवर घेतलं. चालतंय. एकच शंका, माझ्या मॉड्यूलचं आउटपुट उजेडात खाली आणि अंधारात वर जातं. कोडमध्ये उलटं धरलं होतं. हे त्या आतल्या ट्रान्झिस्टरमुळेच ना?

खळ्यातला_दिवा

नाही दादा, ती वर-खालीची दिशा २ आणि ३ नंबर पिनेला काय जोडलंय त्यावर ठरते. आतला ट्रान्झिस्टर दोन्हीकडे तेच करतो, ३ नंबर २ पेक्षा खाली गेली की पिन खाली ओढतो. मॉड्यूल पालथं करून २ आणि ३ नंबरपासून निघालेल्या पट्ट्या बोटाने पुढे बघत जा, एलडीआर कुठल्या पिनेला आहे ते सापडेल.

१५० के लावून झाला आहे. आज आभाळ मोकळं आहे, त्यामुळे अजून काही कळलेलं नाही.